हळद लागली, बाबांनाही! 💛

धाकटीची हळद काल झाली, शहापुरात, आमच्याच दारातल्या मांडवात. चोवीस फोटो टाकलेत. भराभर सरकवू नका, एकेका फोटोमागे भानगड आहे.

पहिले तीन परवाच्या मेंदीचे. धाकटीच्या उजव्या तळहातावर मोर नाही, कलश नाही, आहे तो धोटा. मेंदी काढणारी पोरगी दोनदा विचारत होती, "होडी काढू काय ताई?" होडी नव्हे गे, मागावरचा धोटा! वडगावात बाबांचे दोन माग आहेत. त्याच खडखडाटात आम्ही दोघी पाढे पाठ केले, त्याच खडखडाटात झोपलो. लाइट गेली की माग थांबायचे आणि आम्ही दचकून जाग्या व्हायचो. नवऱ्याचं नाव करंगळीच्या मुळाशी लपवलंय. ज्याला सापडेल त्यानं कमेंटमध्ये लिहू नये, निपाणीकरांना शोधू दे. काल सकाळी रंग नारिंगी होता, आज चांगला विटकरी चढलाय.

चौथा फोटो आजीचा. जात्याला हळकुंड बांधलं, पाच सवाष्णी बसल्या आणि आजीनं ओवी धरली. नव्या जावयाचं नाव घ्यायच्या जागी तिनं थोरल्याचं घेतलं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं! सगळ्याजणी हसून लोळल्या. जातं थांबलं, आजी मात्र थांबली नाही. "जावई तो जावई," म्हणाली आणि पुढची ओवी सुरू. मागे दाराला टेकून लाजणारा इसम माझाच.

सात ते दहा, उष्टी हळद. निपाणीहून येणार म्हणून चारपासून वाट बघत होतो. गाडी हायवेला अडकली, सहा वाजले. शेवटी धाकटा दीर स्टीलचा डबा पोटाशी धरून उतरला, जणू आत सोनं आहे. आत्यानं आधी त्याच्याच गालाला बोट लावलं. पोराचा चेहरा दहाव्या फोटोत बघा.

बाराव्यात हिरव्या काठाचं लुगडं नेसलेल्या शेजारच्या अक्का. त्या हळदीला अरिशिण म्हणतात, आम्ही हळद म्हणतो, पण लावायला बसल्या की माघार नाही. धाकटी "साकु अक्का, साकु" म्हणतेय आणि अक्का "इन्नू स्वल्प, इन्नू स्वल्प" करत कानामागंसुद्धा लिंपतायत. आंब्याच्या पानानं नाजूक लावायची असते म्हणे. अक्कांनी पान केव्हाच टाकून दिलं होतं.

पंधरावा पंगतीचा. मांडा मोडताना आत्याच्या पदरावर पिठीसाखर सांडली. कुंदा मात्र फोटोत नाही, त्याआधीच संपला. कुणी संपवला ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

आता अठरा ते एकवीस. बाबांनी आदल्या दिवसापासून बजावलं होतं, "मला लावायची नाही, पांढरा शर्ट आहे माझा." माग दोन दिवस बंद ठेवले होते, त्यामुळे हात मोकळे आणि जीव कासावीस. सारखे खुर्च्या मोजत होते. अठराव्यात ते खांबामागे उभे आहेत, दिसतील. एकोणिसाव्यात धाकटी पाटावरून उठलीय. "बस की गे गप, काय करूलालीस!" असं आई ओरडली तोच क्षण. विसाव्यात तिचा ओला पिवळा पंजा बाबांच्या छातीवर, खिशाच्या जरा वर. एकविसावा हललाय. काढणारीचा, म्हणजे माझाच, हात थरथरला. तरी टाकलाय.

शेवटचे तीन आज सकाळचे. मावशीनं न विचारता शर्ट साबणात घातला आणि पाच बोटं लालभडक उमटली! मावशी घाबरली, बाबा धावत आले. आई शांत. चुना लागला की हळदीचं कुंकू होतं, तसंच साबणानं होतं, हे तिला ठाऊक होतं. साध्या पाण्यातून दोनदा काढल्यावर बोटं पुन्हा पिवळी झाली. "कडक उन्हात टाका, उडेल डाग," म्हणाली आणि कामाला गेली.

चोविसावा फोटो मागच्या पडवीतला. दोरीवर एकच शर्ट, वर पत्रा, उन्हाचा कवडसासुद्धा नाही. आईनं अंगणात वाळत घातलेला शर्ट बाबांनी गुपचूप काढून सावलीत नेऊन टाकलाय.

उद्या सकाळी अक्षता. वेळेवर या.