चॅनेलसाठी कार्टून अवतार

गणित शिकवणाऱ्या पंचेचाळिशीतल्या शिक्षिकेचा कार्टून अवतार काढ. छातीपर्यंतचाच, चौरस चित्रात, चेहरा मधोमध. गोल चष्मा, केसांचा सैलसर अंबाडा आणि त्यात खडूऐवजी क्रोशाची सुई खोचलेली. खांद्यावर स्वतः विणलेली मोहरी रंगाची शाल; तिची वीण षटकोनांची, टाके स्पष्ट दिसू देत, एक धागा सुटून लोंबकळत असला तरी चालेल. गळ्यात दुर्बीण, कारण पक्षीनिरीक्षणाचं वेड आहे. खांद्यावर शिंपी पक्षी: हिरवी पाठ, तांबूस माथा, शेपटी उभारलेली. हसू मिश्कील, गोडगोड नको. जाड बाह्यरेषा, सपाट रंग, मागे फिकट निळा. फळा, पुस्तकांचा ढीग, पदवीची टोपी अजिबात नको. चित्रात अक्षरं किंवा आकडेही नकोत. मोबाइलवर छोट्या वर्तुळातही चष्मा आणि पक्षी ओळखू यायला हवेत.