साठ आणि आठ

रात्री दीडच्या सुमाराला लाईट गेली आणि शेडमधले चोवीस माग एकदम गप्प झाले.

अशा वेळी महादेव आधी धोटे बघायचा. एखादा धोटा ताण्यात मधेच अडकून राहिला आणि लाईट आल्यावर माग तसाच सुटला, तर तारा तुटून जाळं होतं. मग वहीफणीतनं एकेक तार ओढत बसायला उरलेली रात्र पुरत नाही, आणि मजुरी तर पिकावर, विणलेल्या आडव्या धाग्यांवर. त्यानं मोबाईलच्या उजेडात आपले माग तपासले, दोन कांड्या बदलून ठेवल्या आणि बिमावर टेकला. जॉबर बाबू बिडी ओढायला दारात गेला.

सायकलची पिशवी महादेवनं आत आणून खुंटीला अडकवली होती, कारण तीत सायलीची फाईल होती. बाहेर दव पडत होतं. निघताना पोरीनं दहादा बजावलं होतं, “पप्पा, सकाळी येताना सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स. दुपारी कुरियर करायचंय. तेलाचा हात लावू नका.” समोर येऊन, तोंडाकडं बघत, त्या घोगऱ्या आवाजात. बाप्यासारखं बोलू नकोस म्हणून त्यानं तिला कितीदा टोकलं असेल. उद्या सासरी गेल्यावर काय म्हणतील लोक?

पुण्याच्या कुठल्याशा ट्रस्टची स्कॉलरशिप होती. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढायला महादेवनंच दोन खाडे केले होते, त्यामुळे तो कागद नीट आहे ना हे बघायला म्हणून त्यानं फाईल उघडली. दाखला होता. रेशनकार्ड, पासबुक, दहावी-बारावीची मार्कलिस्टं. सगळ्यात खाली टाचणी मारलेली तीन पानं, सायलीच्या अक्षरातली. वर लिहिलं होतं, ‘मला काय शिकायचं आहे आणि का’.

महादेव आठवीपर्यंत शिकलेला. तो वाचायचा ते काचेखाली कापडाचे पीक मोजावेत तसं, शब्दावर बोट ठेवून.

‘माझे वडील गेली एकवीस वर्षं इचलकरंजीत यंत्रमाग चालवतात. चार माग, बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र. आमच्या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली आला असं शाळेत शिकवलं. त्याचा आवाज केवढा होता हे कुणी शिकवलं नाही.’

चार नव्हे, सहा. दिवाळीपासून सहा. पण ते घरी कुणाला माहीत नव्हतं. बोट पुढं सरकलं.

‘माझ्या वडिलांना नीट ऐकू येत नाही. हे त्यांना माहीत नाही.’

त्यानं ते परत वाचलं. मग उजेड जरा जवळ धरून तिसऱ्यांदा वाचलं, जणू खाली एखादी ओळ राहून गेली असेल. पहिल्यांदा रागच आला. मला ऐकू येत नाही? पलीकडच्या ओळीतल्या मागाचा ठोका चुकला तर या शेडमध्ये सगळ्यात आधी कुणाला कळतं? बाबूला विचारा. जॉबर असून तो महादेवला विचारतो, बघ रं, कुठला वाजतोय.

‘मी चौथीत होते. गॅदरिंगच्या ड्रेसचं भाडं साठ रुपये होतं. मी पप्पांना साठ सांगितलं. त्यांनी दहाची नोट दिली आणि म्हणाले, दोन परत आण. मी रडले तर म्हणाले, आठ रुपयासाठी रडतेस व्हय? मला वाटलं, आपल्याकडं पैसे नाहीत म्हणून पप्पा मुद्दाम असं करतात. मी बाईंना सांगितलं, मला नाचायचं नाही.’

गॅदरिंग त्याला आठवत होतं. शोभानं सांगितलं होतं, पोरगी नाचायची नाही म्हणतीय. तो म्हणाला होता, नको तर नको, अभ्यास कर म्हणावं. दहाची नोट मात्र काही केल्या आठवेना.

‘२०२० साली लॉकडाऊन उठल्यावर माग सुरू झाले आणि सगळ्यांच्या तोंडाला मास्क आले. पप्पा रोज कुणाशी तरी भांडून यायचे. दुकानदार पुटपुटतो, रेशनवाला नीट बोलत नाही, कंडक्टरला माज आलाय. मी तेव्हा सातवीत होते. घरी मास्क काढून बोललं की त्यांना सगळं समजायचं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पप्पा ऐकत नाहीत, बघतात. मागाच्या गोंगाटात सगळे कामगार ओठ बघूनच बोलतात. पप्पा तेच घरीही करत होते आणि त्यांना वाटत होतं, आपल्याला ऐकू येतंय.

एकदा रात्री जेवताना मी आईच्या मोबाईलवर एक बारीक शिट्टीसारखा आवाज लावला. आई कानावर हात ठेवून ओरडली. पप्पा आमटीत भाकरी कुस्करत होते. ते कुस्करतच राहिले.’

ती रात्र मात्र त्याला लख्ख आठवली. वर बघितलं तेव्हा शोभाचे दोन्ही हात कानावर होते आणि पोरगी त्याच्याकडं एकटक बघत होती. काय झालं म्हणून त्यानं विचारलं होतं. काही नाही, म्हणाल्या दोघी. त्यानं आणखी आमटी मागितली होती.

दारातनं बाबू काहीतरी म्हणाला. अंधारात त्याचं तोंड दिसत नव्हतं.

“आँ?” महादेव म्हणाला, आणि त्या ‘आँ’नं स्वतःच दचकला. दिवसातनं कितीदा म्हणतो आपण हे?

बाबू आत आला. “म्हटलं, फ्यूज गेला असंल. तासभर येत न्हाई आता.”

“बाबू, माग थांबले की तुला रातकिडे ऐकू येतात का रं?”

“हितं कुठले रातकिडे? चारी बाजूनं शेडी.”

महादेव गप्प बसला. त्याच्या कानात ते आत्ताही किरकिरत होते, दोन्ही बाजूंनी, रोज किरकिरतात तसेच. इतकी वर्षं त्याला वाटायचं, गटारीच्या कडेला असतील.

दुसरं पान उलटताना त्यानं हात पँटला पुसला.

‘नंतर मी वाचत गेले. ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ तास, वर्षानुवर्षं राहिलं की कानाच्या आतल्या केसांसारख्या पेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत. मी डबा द्यायला गेले तेव्हा शेडच्या दारात मोबाईलच्या ॲपवर ९६ आकडा आला. आधी बारीक आवाज जातात. स, श, फ जातात. म्हणून साठचं आठ होतं. माझं नाव पप्पांनीच ठेवलं, पण कुणी मला हाक मारली तर त्यांना “आयली” एवढंच ऐकू येत असणार. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज पुरुषांच्या आधी जातात. आमच्या घरात पप्पांशी बोलणाऱ्या आम्ही दोघीच आहोत आणि नेमक्या आम्हीच त्यांना कमी ऐकू येतो.

मी माझा आवाज खाली आणला. पांघरुणात तोंड घालून सराव केला. समोर गेल्याशिवाय बोलायचं नाही आणि आधी “पप्पा” म्हणायचं असं ठरवलं, कारण तो शब्द ओठांवर दिसतो. त्यांच्या मोबाईलच्या अलार्मला ढोल लावला. वर्गातल्या मुली मला भाऊ म्हणायच्या. पप्पाही ओरडतात, की मुलीसारखं बोल.

त्यांना सांगायचं नाही, हे मी आणि आईनं ठरवलं. त्यांच्या शेडमध्ये एक आजोबा आहेत, त्यांना सगळे बहिरोबा म्हणतात. पप्पा घरी येऊन त्यांची नक्कल करून दाखवतात. आम्ही हसतो.’

इथं महादेवनं पानं पालथी केली.

तुकादादा. सत्तरीचा म्हातारा, कोपऱ्यातल्या दोन मागांवर असायचा. ‘दादा, चा घेणार?’ म्हटलं की ‘न्हाई, पाऊस न्हाई’ म्हणायचा. ती नक्कल महादेवला फर्मास जमायची. हात कानामागं नेऊन, डोळे बारीक करून. लग्नाकार्यात लोक आग्रह करून करायला लावायचे.

लाईट आली ती अशी, की पानं हातातनं पडायची राहिली. माग सुटले. पायाखालची फरशी थरथरायला लागली. सहाच्या सहा मागांवर एक फेरी मारून, एका मागावर तुटलेली तार सांधून तो परत खुंटीपाशी आला आणि शेवटचं पान त्या दणदणाटात उभ्यानंच वाचलं.

मुंबईला बांद्र्यात अली यावर जंग नावाची संस्था आहे, तिथं चार वर्षांचा कोर्स असतो, कान तपासायचा आणि वाचा सुधारायचा. प्रवेश मिळाला तर राहण्याजेवण्याचा खर्च झेपणारा नाही, म्हणून हा अर्ज. पुढं दोन ओळी खोडून परत लिहिल्या होत्या.

‘मला पप्पांच्या कानाला मशीन लावून त्यांच्याशी माझ्या पहिल्या आवाजात बोलायचं आहे. तो कसा होता हे आता मलाच नीट आठवत नाही.’

पलीकडच्या मागावरची कांडी संपली. महादेवला ते एरवी आधी कळायचं. आज बाबूनं लांबनं हात केला तेव्हा कळलं.

सकाळी थोरात चौकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पोरगं मशीनकडं तोंड करून पानं सरकवत होतं. झालं तसं तिकडं बघतच त्यानं पैसे सांगितले. पंधरा पानं, दोन-दोन कॉप्या, दोन रुपयानं. हिशोब काही अवघड नव्हता. तरी महादेव म्हणाला, “बाळा, जरा इकडं तोंड करून सांग.”

“साठ, काका.”

त्याच्या ओठांकडं महादेव बघत राहिला. जीभ दाताला टेकली ती दिसली. दिसली म्हणून ऐकू आली, की ऐकू आली म्हणून दिसली, हे मात्र ठरवता येईना.

घरी आला तर सायली दारातच उभी. त्याची सायकल भिंतीला लागेपर्यंत थांबली, समोर आली. “पप्पा, झाल्या झेरॉक्स?”

“झाल्या.” त्यानं फाईल दिली. ती पानं मोजायला लागली. अंगण झाडता झाडता शोभा थांबली होती. त्याला चहा ठेवायचा, म्हणून ती रोज थांबायची.

महादेवनं चप्पल काढली. पाय धुतले. टॉवेल घेतला आणि तोंड पुसता पुसता, टॉवेलाच्या आतनंच म्हणाला, “ते चार माग लिहिलंयस, ते सहा कर.”

पानं मोजायची थांबली असावीत. त्यानं टॉवेल खाली घेतला. पोरीचा चेहरा पार उतरला होता. ती काहीतरी बोलली, घाबरून बोललेली, त्यामुळं आवाज खाली आणायचा विसरलेली. त्याला ओठ हललेले तेवढे दिसले.

“कधीपासनं?” असं असावं ते.

“दिवाळीपासनं,” महादेव म्हणाला. “आता परत म्हण. असंच म्हण, आवाज बदलू नकोस.”