विषय : घटना अहवाल अग्रेषित – कॉम्प्रेसर रूममधील अमोनिया गळती, शुक्रवार १४ जून २०२४, पहाटे

आदरणीय सर,

आज पहाटे कॉम्प्रेसर रूममध्ये झालेल्या अमोनिया गळतीचा घटना अहवाल सोबत पाठवत आहे. तो रात्रपाळीच्या सुपरवायझरांनी लिहिला असून सकाळी ९:१० ला त्यावर सही केली आहे. एकूण ९ पानं आहेत. फाइलचं नाव Ghatana_Ahwal_14062024.pdf.

सकाळी फोनवर तुम्ही मला विचारलंत, चूक कोणाची. त्याचं उत्तर या मेलमध्ये नाही. मी पहिल्या पाळीला ६:५० वाजता गेटवर आले, तेव्हा गळती थांबलेली होती. जे घडलं ते मी पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांचं म्हणणं तुमच्यापर्यंत त्यांच्याच शब्दांत पोहोचावं, एवढीच माझी काळजी आहे. म्हणून अहवालातला एकही शब्द मी बदललेला नाही. शुद्धलेखनही दुरुस्त केलेलं नाही. पान ४ आणि ५ वरचे हस्तलिखित जबाब जसे आहेत तसेच स्कॅन केले आहेत. त्यातली खाडाखोड लिहिणाऱ्यांचीच आहे.

अहवालानुसार थोडक्यात असं : रिसीव्हरकडून चिलरकडे जाणाऱ्या लिक्विड लाइनवरच्या स्टॉप व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून अमोनिया बाहेर येऊ लागला. सेन्सरचा अलार्म ४:१२ ला वाजला. किंग व्हॉल्व्ह ४:२० ला बंद झाला. सेन्सरवरचं सर्वांत मोठं रीडिंग ८६ पीपीएम नोंदलं आहे. पहिला अलार्म २५ पीपीएमला लावलेला आहे. ४:५५ ला रीडिंग २५ च्या खाली आलं. पाळीवर २३ जण होते. गेटजवळ मोजणी झाली तेव्हा २२ भरले. तेविसावे म्हणजे जखमी ऑपरेटर. ते त्या वेळी आयवॉशपाशी होते आणि त्यांच्याबरोबर मदतीला गेलेल्या फिटरची मोजणी आधी होऊन गेली होती, अशी नोंद पान २ वर आहे.

वाचताना दोन ठिकाणी नोंदी एकमेकींशी जुळणार नाहीत. त्या तशाच ठेवल्या आहेत.

पहिली वेळेची. गेटवरच्या रजिस्टरमध्ये (पान ६) वास आल्याची वेळ ४:०५ लिहिली आहे आणि लॉगशीटवर (पान ७) अलार्म ४:१२ चा. गेटवरचं भिंतीचं घड्याळ आणि कंट्रोल पॅनलचं घड्याळ यांची वेळ आज सकाळी ८ वाजता मी दोघा साक्षीदारांसमोर ताडून पाहिली. गेटचं घड्याळ पॅनलपेक्षा ३ मिनिटं मागे आहे. एवढंच मी पाहिलं आणि अहवालात न घालता इथे कळवत आहे, कारण अहवालावर तोवर सही व्हायची होती आणि त्यात माझी भर नको होती.

दुसरी किंग व्हॉल्व्हची. ऑपरेटरच्या जबाबात आहे, "किंग व्हॉल मी बंद केला." फिटरच्या जबाबात आहे, "व्हॉल मी फिरवला, तेव्हा तो निम्मा बंद होता." दोघांचे जबाब वेगवेगळे बसवून घेतले आहेत. ऑपरेटरचा जबाब रुग्णालयात, सकाळी ७:४५ ला, डॉक्टरांची परवानगी घेऊन. फिटरचा आपल्या ऑफिसात, ८:२० ला. जबाब देताना दोघांनाही एकमेकांचं लिहिलेलं दाखवलेलं नाही.

अहवालाच्या नमुन्यात पान ३ वर 'घटनेचे कारण' असा रकाना आहे. तिथे सुपरवायझरांनी "तपास बाकी" असं लिहिलं आहे. तोही तसाच ठेवला आहे. तो व्हॉल्व्ह खोललेला नाही. दोन्ही बाजूंनी बंद करून त्यावर टॅग लावला आहे, चावी माझ्याकडे आहे. तुम्ही सांगाल तेव्हा आणि तुम्ही सांगाल त्यांच्यासमोरच तो खोलला जाईल.

आता ज्या गोष्टी अहवालावर सही झाल्यानंतर आल्या, त्या वेगळ्या जोडल्या आहेत.

ग्रामीण रुग्णालयाचा कागद १०:३० ला मिळाला. ऑपरेटरच्या दोन्ही डोळ्यांना आणि घशाला त्रास झाला आहे, श्वास व्यवस्थित आहे, आजचा दिवस देखरेखीखाली ठेवणार आहेत आणि पुढे ३ दिवस विश्रांती लिहून दिली आहे. पहाटे आयवॉशवर १५ मिनिटं डोळे धुतल्याची नोंद प्रथमोपचार रजिस्टरमध्ये आहे, त्याचा फोटो सोबत आहे. त्यांच्या पत्नीला ५:३० ला फोन गेला. त्या आणि त्यांचे भाऊ ७ वाजल्यापासून रुग्णालयात आहेत. आपल्याकडची एक व्यक्ती संध्याकाळपर्यंत तिथेच थांबेल. मी स्वतः ऑपरेटरशी सकाळी बोलले. ते बोलत होते, चहा घेतला होता.

या कागदामुळे एक मुदत सुरू होते, म्हणून ती इथे लिहिते. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ८८ प्रमाणे अपघातानंतर कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ कामावर येऊ शकला नाही, तर कारखान्याच्या व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना सूचना द्यायची असते. पहाटेपासून मोजले तर ४८ तास रविवारी १६ जूनला पहाटे पूर्ण होतात. सूचना तुमच्या सहीने जाईल. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नावे कोरा नमुना छापून तुमच्या टेबलावर ठेवला आहे. त्यात फक्त कामगाराचं नाव, हुद्दा आणि घटनेची वेळ भरली आहे, बाकी मजकूर तुम्ही सांगाल तसा भरू.

दुधाबद्दल : सायलो ३ मधलं तापमान ४ अंशांवरून ६ अंशांपर्यंत गेलं होतं. कॉम्प्रेसर १ वर ६:१० ला लोड घेतला आणि ९ वाजता तापमान पुन्हा ४ वर आलं. लॅबने त्या सायलोचं दूध होल्डवर ठेवलं आहे, त्यांचा निकाल त्यांच्याकडून थेट तुम्हाला येईल. कॉम्प्रेसर २ बंद आहे.

पाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून काही ऑडिओ आणि मेसेज फिरत आहेत. ते अहवालाचा भाग नाहीत आणि मी जोडलेलेही नाहीत. कोणाचंही काही डिलीट करायला सांगितलेलं नाही. ग्रुपवर माझ्याकडून एकच मेसेज गेला आहे : ऑपरेटरची प्रकृती स्थिर आहे, रुग्णालयात गर्दी करू नये.

मूळ कागद, दोन्ही जबाब आणि लॉगशीट ऑफिसच्या कपाटात सीलबंद लिफाफ्यात आहेत. लिफाफ्यावर सुपरवायझरांची आणि माझी सही आहे. ही मेल फक्त तुम्हालाच पाठवत आहे. पुढे कोणाला पाठवायची ते तुम्ही ठरवावं.

सुपरवायझर रात्रभर जागे आहेत, म्हणून ११ वाजता त्यांना घरी पाठवलं. दुपारी ४ नंतर ते फोनवर उपलब्ध असतील. मी आज पाळी संपल्यावरही प्लांटमध्येच आहे.

आपली विश्वासू,
वर्षा
पहिली पाळी इंचार्ज

सोबत : घटना अहवाल (९ पानं), रुग्णालयाचा कागद (१ पान), प्रथमोपचार रजिस्टरचा फोटो