शुक्रवारच्या त्या प्रश्नाचं उत्तर

बारावी सायन्सच्या मुलामुलींनो,

शुक्रवारी शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, डेरिव्हेटिव्ह म्हणजे स्लोप, मग त्याचं उलटं केलं की एरिया कसा काय येतो?" तेवढ्यात बेल झाली आणि मी "सोमवारी बघू" म्हणून निघाले, पण ते घरी येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही, कारण अख्ख्या चॅप्टरमध्ये विचारण्यासारखा प्रश्न हाच आहे. म्हणून लिहितेय.

वहीत y = x² चा कर्व्ह काढा. आता कर्व्हच्या खालचा भाग 0 पासून पेन्सिलने रंगवत उजवीकडे जा, x पर्यंत जेवढा रंगवून झाला त्याला A(x) म्हणा. थांबायची जागा बदलली की एरिया बदलतो, म्हणजे एरिया हे स्वतःच एक फंक्शन आहे, आणि बहुतेकांचं इथेच अडतं कारण आपण एरिया म्हणजे एकच ठरलेला आकडा धरून बसतो.

आता 2 पाशी थांबलात आणि अजून 0.1 पुढे रंगवलंत. नवीन काय रंगलं? एक बारीक उभी पट्टी. रुंदी 0.1, उंची डावीकडे 4 आणि उजवीकडे 4.41. म्हणजे तिचा एरिया 0.4 ते 0.441 च्या मध्ये कुठेतरी, त्याला रुंदीने भागा, 4 ते 4.41 च्या मध्ये काहीतरी येणार. रुंदी 0.01 घेतली तर 4 ते 4.0401. पट्टी जितकी बारीक तितकं उत्तर 4 च्या जवळ, आणि 4 म्हणजे काय, तर 2 पाशी कर्व्हची उंची!

वाढलेला एरिया भागिले वाढलेला x, आणि मग लिमिट, अरे हेच तर डेरिव्हेटिव्ह. म्हणजे A′(x) = f(x). एरिया कुठल्या वेगाने वाढतोय हे त्या जागची उंची सांगते, उंच जागी भराभर वाढतो, बुटक्या जागी हळू. (कर्व्ह मध्येच तुटलेला नको, नाहीतर पट्टीच्या दोन्ही उंची जवळ येणार नाहीत.)

मग A शोधायचा म्हणजे ज्याचं डेरिव्हेटिव्ह x² आहे असं फंक्शन शोधायचं, म्हणजे अँटिडेरिव्हेटिव्ह, x³/3 + C. रंगवायला सुरुवातच 0 पासून केली म्हणून A(0) = 0, म्हणून C शून्य, आणि 3 पर्यंतचा एरिया 27/3 = 9. सुरुवात 1 पासून केलीत तर 1 पर्यंतचा वजा करा, 9 − 1/3, F(b) − F(a) ते हेच, आणि वजाबाकीत C उडतो म्हणून तिथे तो लिहीत नाही.

∫ हे चिन्ह लायबनिझने १६७५ मध्ये वापरलं, तो लांबवलेला S आहे, सुम्मा म्हणजे बेरीज या लॅटिन शब्दातला. f(x) dx म्हणजे एक पट्टी, उंची गुणिले रुंदी. dx लिहायला विसरता ना, तेव्हा पट्टीची रुंदीच गायब होते.

सोमवारी येताना y = 2x घ्या, 0 पासून x पर्यंतचा एरिया त्रिकोणाच्या सूत्राने काढा, मग त्याचं डेरिव्हेटिव्ह घ्या आणि काय आलं ते वहीत लिहून आणा.

तुमच्या मॅथ्सच्या मॅडम