विषय: निअर मिस – पिअर 4 जवळ हायड्रावरचा सळईचा पिंजरा झुलला (12 मे, सकाळी 10.40)

नमस्कार सर,

आज सकाळी 10.40 ला पिअर 4 च्या खाली हायड्रावर टांगलेला पिंजरा जोरात झुलला आणि हेल्पर भटूच्या छातीपासून जेमतेम वीतभर अंतरावर थांबला. कुणालाही लागलेलं नाही. फोनवर तुम्हाला थोडक्यात सांगितलंच आहे. सगळं ताजं आहे तोवर लेखी देतो.

पिंजरा पिअर कॅपचा होता, सहा मीटर लांब, वजन साधारण 1.8 टन. हायड्रा 14 टनी. वजनाचा प्रश्नच नव्हता, आणि त्यामुळेच आम्ही सगळे निर्धास्त राहिलो. यार्डापासून पिअरपर्यंतचं अंतर सत्तर मीटर असेल. वाटेत क्युरिंगच्या पाइपासाठी काल खोदलेली चारी आडवी येते. ती बुजवली होती, पण काळी माती नुसती वरून लोटलेली, दाबलेली नव्हती. बुजवायला मीच सांगितलं होतं. दाबली की नाही ते मी पाहिलं नाही.

पिअरकडे वळताना हायड्राचं पुढचं डावं चाक चारीत खचलं. चाक फार तर पाऊण वीत खाली गेलं असेल, पण बूम बाहेर काढलेला, त्यामुळे टोकाला मोठा हिसका बसला. ऑपरेटरने ब्रेक दाबला. गाडी थांबली, माल थांबला नाही. पिंजरा पुढे गेला आणि जाता जाता आडवा फिरला. दोर एकाच टोकाला होता, तो सलीमभाईंच्या हातात. त्यांनी तो सोडला नाही, पण मोकळं टोक फिरतं म्हटल्यावर एकटा माणूस ते कसं आवरणार? दुसऱ्या टोकाचा दोर काल संध्याकाळी शटरिंगच्या प्लेटा बांधायला नेला होता.

भटू त्या वेळी पाण्याच्या ड्रमापाशी होता. त्याच्या पाठीशी प्लेटांची थप्पी, पुढ्यात ड्रम, मागे सरकायला जागा नाही. सलीमभाई ओरडले, “भो, मांगे व्हय!” पण तो मागे होणार कुठे? त्याने दोन्ही हात पुढे केले, पिंजरा धरायला. सर, मला सगळ्यात जास्त घोर लागला आहे तो या हातांचा. माल अंगावर आला की आपल्या पोरांचा हात आपोआप पुढे जातो. हेल्परने माल सांभाळायचा असतो, हीच सवय. 1.8 टन हाताने थांबत नाही. सळयांची टोकं आधी ड्रमात घुसली म्हणून पिंजऱ्याचा जोर मोडला. निळ्या ड्रमाला तीन भोकं पडली आहेत, सगळी त्याच्या छातीच्या उंचीवर. ड्रम दोन हात बाजूला असता तर आज हा ईमेल वेगळाच असता.

पिंजरा लगेच खाली टेकवला आणि लिफ्टिंग थांबवलं. बेल्ट, डी शॅकल, हुकाची लॅच मी आणि सलीमभाईंनी तपासली, सगळं शाबूत आहे. भटूला प्रथमोपचार खोलीत बसवून पाणी दिलं, बीपी तपासला. हात थरथरत होते, म्हणून दिवसभर कामावर घेतलं नाही. हजेरी पूर्ण लावली आहे.

ऑपरेटरवर दंड किंवा मेमो काढू नये अशी माझी विनंती आहे. त्याचा वेग कमी होता आणि चारी दबलेली नाही हे त्याला वरून दिसणं शक्य नव्हतं. रस्ता चालून पाहणं आणि दोन दोर असल्याशिवाय माल न उचलू देणं ही माझी जबाबदारी होती. परमिटवर सही माझी आहे. दंडाची भीती घातली तर पुढचा निअर मिस आपल्यापर्यंत येणारच नाही.

अजून तीन पिंजरे उचलायचे आहेत आणि प्लॅनिंगला ते उद्याच हवे आहेत. उन्हामुळे आपण सगळं जड काम दुपारच्या आत उरकतो, त्यामुळे सकाळी घाई होते, आजही होती. तरीही चारीवर मुरूम टाकून रोलर फिरेपर्यंत, दोन्ही टोकांना लांब दोर येईपर्यंत आणि प्लेटांची थप्पी तिथून हलेपर्यंत मी एकही पिंजरा उचलू देणार नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंना बॅरिकेड लावून दोर धरणाऱ्यांशिवाय कुणी आत येणार नाही, हेही पाहतो. स्टोअरमधून लिफ्टिंगचे दोर वेगळ्या रंगाचे मिळाले तर ते दुसऱ्या कामाला जाणार नाहीत; त्यासाठी तुमचा शब्द लागेल.

उद्या सकाळी 6.30 ला टूलबॉक्स टॉकला आलात तर बरं होईल. झुलत्या मालाला हात लावायचा नाही, आधी बाजूला निघायची वाट बघून मगच उभं राहायचं, हे तुम्ही स्वतः पोरांना सांगावं असं वाटतं. भटूने बोलायचं कबूल केलं आहे, पण त्याच्यावर जबरदस्ती नको.

फोटो सोबत जोडले आहेत. ड्रम आणि चाकाची खूण तुम्ही पाहीपर्यंत आहे तशीच ठेवली आहे, भोवती टेप लावली आहे.

आपला,
पाटील
साईट सुपरवायझर, दिवस पाळी
गिरणा पूल काम