घटनापत्रक की नियमावली? खाजगी की सार्वजनिक? : कंपनी कायदा, सराव चाचणी, उत्तरांसह

बी.कॉम., लातूर. गुण 30. वेळ 45 मिनिटे.

सूचना : सर्व प्रश्न कंपनी कायदा 2013 वर आधारित आहेत. चुकीच्या उत्तराला गुण कापले जाणार नाहीत. विभाग दोनमध्ये कारण न लिहिता नुसते ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ लिहिल्यास शून्य. फरकाचा तक्ता पाठ करून आलेल्यांनी प्रश्न दोनदा वाचावा.

विभाग 1 (प्रत्येकी 1 गुण)

1. पुढीलपैकी कोणती गोष्ट घटनापत्रकात नसते?
अ) कंपनीचे नाव
ब) नोंदणीकृत कार्यालय कोणत्या राज्यात आहे ते
क) हप्ता थकवलेल्या सभासदाचे शेअर जप्त करण्याची रीत
ड) सभासदांची जबाबदारी मर्यादित आहे की नाही

2. शेअर्सनी मर्यादित असलेल्या कंपनीची नमुना नियमावली पहिल्या अनुसूचीतील कोणत्या टेबलमध्ये आहे?
अ) ए  ब) सी  क) एफ  ड) जे

3. एकाच मुद्द्यावर कायदा, घटनापत्रक आणि नियमावली तीन वेगळ्या गोष्टी सांगत असतील तर वरचढ कोण, हा क्रम लावा.
अ) घटनापत्रक, कायदा, नियमावली
ब) कायदा, घटनापत्रक, नियमावली
क) नियमावली, घटनापत्रक, कायदा
ड) कायदा, नियमावली, घटनापत्रक

4. लातूरच्या एका कंपनीला नोंदणीकृत कार्यालय हलवायचे आहे. कोणत्या स्थलांतरात घटनापत्रक बदलावे लागेल?
अ) औसा रोडवरून अंबाजोगाई रोडवर
ब) लातूरहून नांदेडला
क) लातूरहून हैदराबादला
ड) तिन्ही वेळा

5. किमान संचालक, अनुक्रमे खाजगी आणि सार्वजनिक कंपनीत (एकल व्यक्ती कंपनी सोडून) :
अ) 2 आणि 7  ब) 2 आणि 3  क) 1 आणि 3  ड) 3 आणि 7

6. खाजगी कंपनी काढायला आज किमान भरणा झालेले भांडवल किती लागते?
अ) 1 लाख रुपये  ब) 5 लाख रुपये  क) अशी अट नाही  ड) 10 लाख रुपये

7. एका खाजगी कंपनीत 196 सभासद स्वतंत्र नावाने आहेत. शिवाय दोन नवरा-बायकोच्या जोड्या आहेत, प्रत्येक जोडीकडे एकत्रित नावाने शेअर आहेत. कंपनीत पगारावर असलेले आणखी 9 जण सभासद आहेत. 200 च्या मर्यादेसाठी सभासद किती धरायचे?
अ) 198  ब) 200  क) 207  ड) 209

8. सार्वजनिक कंपनीचे सभेच्या तारखेला 1,400 सभासद आहेत. नियमावलीत यापेक्षा मोठा आकडा दिलेला नाही. सर्वसाधारण सभेची गणसंख्या किती?
अ) 2  ब) 5  क) 15  ड) 30

विभाग 2 : चूक की बरोबर, कारणासह (प्रत्येकी 3 गुण)

9. सार्वजनिक कंपनी म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली कंपनी.

10. सगळ्या सभासदांनी एकमताने मान्यता दिली, तर घटनापत्रकाच्या उद्दिष्टांबाहेरचा करारही कंपनीवर बंधनकारक होतो.

11. नियमावलीतील एक कलम बदलण्याच्या ठरावाला 60 मते बाजूने आणि 21 विरुद्ध पडली. बहुमत झाले, म्हणून कलम बदलले.

12. सार्वजनिक कंपनीच्या उपकंपनीने स्वतःच्या नियमावलीत खाजगी कंपनीच्या तिन्ही अटी ठेवल्या, तरी ती सार्वजनिकच समजली जाते.

विभाग 3 : उदाहरणे (प्रत्येकी 5 गुण)

13. तीन कुटुंबांची एक खाजगी कंपनी लातुरात डाळमिल चालवते. घटनापत्रकात उद्दिष्ट असे : ‘कडधान्यांची खरेदी, प्रक्रिया व विक्री आणि त्यास पूरक कामे’. नियमावलीत अट अशी : 10 लाखांवर कर्ज काढायचे तर सर्वसाधारण सभेचा साधा ठराव हवा. संचालकांनी दोन गोष्टी केल्या. (क) उदगीरजवळ प्लॉट पाडून घरे बांधण्यासाठी एका ठेकेदाराशी करार केला. (ख) डाळ निवडण्याचे नवे यंत्र घ्यायला एका सावकारी संस्थेकडून 25 लाखांचे कर्ज काढले. ठराव कधी झालाच नाही. ठेकेदार आणि संस्था, दोघेही कंपनीकडे पैसे मागत आहेत. कोणाला मिळतील?

14. जालन्यातील एका खाजगी कंपनीच्या नियमावलीत लिहिले आहे की सभासदाने शेअर आधी इतर सभासदांना देऊ करावेत. एका भावाने कोणालाही न विचारता ते बाहेरच्या माणसाला विकले. संचालक मंडळाने हस्तांतर नाकारले. (क) नकार टिकेल का? खरेदीदाराने काय करावे? (ख) कंपनी सार्वजनिक असती तर? (ग) त्याच नियमावलीत ‘कंपनीचे कोर्टकाम कायम अमुक वकिलांकडेच राहील’ असे कलम आहे. वकील सभासद नाहीत. कंपनीने दुसरा वकील नेमला, तर या कलमाच्या जोरावर ते दावा लावू शकतात का?

उत्तरे आणि टिपणे

1 – क. कलम 4 उघडून बघा : नाव, राज्य, उद्दिष्टे, जबाबदारी, भांडवल, आणि शेवटी सही करणाऱ्यांचं निवेदन. बाहेरच्या माणसाला कंपनीशी व्यवहार करण्याआधी जे कळायला हवं ते इथं येतं. शेअर जप्ती, लाभांश, सभा, संचालकांचे अधिकार हा घरातला कारभार, तो नियमावलीत. नोंदणीच्या वेळी SPICe+ सोबत INC-33 म्हणजे घटनापत्रक आणि INC-34 म्हणजे नियमावली जाते. दोन्ही फॉर्म एकदा समोर ठेवून वाचले तर तक्ता पाठ करायची गरज राहत नाही.

2 – क. ए ते ई घटनापत्रकाचे नमुने, एफ ते जे नियमावलीचे. जुन्या गाइडात ‘टेबल ए’ लिहिलेलं सापडेल, कारण 1956 च्या कायद्यात नमुना नियमावली टेबल ए मध्येच होती. ती गाइडं रद्दीत द्या.

3 – ब. कलम 6.

4 – क. घटनापत्रकात फक्त राज्य लिहिलेलं असतं, गाव नाही. त्यामुळे लातूर-नांदेडला घटनापत्रकाला हात लागत नाही. शहराच्या हद्दीबाहेर जातोय म्हणून विशेष ठराव मात्र लागतो. हैदराबाद तेलंगणात. तिथं विशेष ठराव आणि केंद्र सरकारची मंजुरी, दोन्ही हवीत.

5 – ब. ‘7’ बघून हात थरथरतो, पण सात हे सार्वजनिक कंपनीचे किमान सभासद.

6 – क. 2015 च्या दुरुस्तीने खाजगी कंपनीची 1 लाखाची आणि सार्वजनिकची 5 लाखांची, दोन्ही अटी गेल्या. परीक्षेत हा पर्याय मुद्दाम ठेवतात.

7 – अ. एकत्रित नावाचे शेअर असलेले दोघे मिळून एकच सभासद. सध्याचे कर्मचारी मोजायचे नाहीत. नोकरीत असताना सभासद झालेले आणि नोकरी सोडल्यावरही सभासद राहिलेलेही नाहीत. 196 अधिक 2. दुसरा एक 200 कायद्यात आहे, त्याची गल्लत करू नका : कलम 42 मध्ये एका आर्थिक वर्षात खाजगीरीत्या जास्तीत जास्त 200 जणांना शेअर देऊ करता येतात. ती मर्यादा देऊ करण्याची, ही सभासदत्वाची.

8 – क. 1,000 पर्यंत पाच, 5,000 पर्यंत पंधरा, त्यापुढे तीस, सगळे प्रत्यक्ष हजर. खाजगी कंपनीला दोन पुरतात.

9 – चूक. खाजगी नसलेली ती सार्वजनिक, इतकंच. शेअर बाजारात नोंद नसलेली सार्वजनिक कंपनी असू शकते. पब्लिक लिमिटेड दिसलं की सेन्सेक्स आठवणाऱ्यांसाठी हा प्रश्न आहे.

10 – चूक, आणि या चाचणीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. 1875 चा अ‍ॅशबरी रेल्वे कॅरेज विरुद्ध रिश हा खटला. कंपनी रेल्वेचे डबे आणि साहित्य बनवायची, करार केला तो बेल्जियममध्ये रेल्वेमार्ग बांधण्यासाठी. हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की करार मुळातच शून्य, सगळ्या भागधारकांनी मिळूनही तो जिवंत करता येणार नाही. ‘सभासद मालक आहेत, मग त्यांची मर्जी’ असं उत्तर बरेच जण लिहितात. उद्दिष्टं मात्र कंपनीला पैसे देणाऱ्या धनकोलाही बघायची असतात. तो सभेत बसलेला नसतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये लक्ष्मणस्वामी मुदलियार विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या खटल्यात हेच तत्त्व लावलं. संचालकांच्या अधिकाराबाहेरचं काम आणि कंपनीच्याच अधिकाराबाहेरचं काम वेगळं : पहिलं सभासद नंतर मान्य करू शकतात, दुसरं नाही. हा फरक लिहिला तरच तीन गुण.

11 – चूक. नियमावली बदलायला विशेष ठराव लागतो, म्हणजे बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट. 21 गुणिले 3 म्हणजे 63; 60 मतांनी ठराव पडला. एखादं कलम आणखी कडक अटींनी बांधून ठेवता येतं (कलम 5). कंपनी निघाल्यावर तशी अट घालायची तर खाजगी कंपनीत सगळ्या सभासदांची संमती लागते, सार्वजनिक कंपनीत विशेष ठराव. जाता जाता : घटनापत्रकाला नेहमीच विशेष ठराव लागतो, हेही पूर्ण खरं नाही. नियमावलीत अधिकार असेल तर अधिकृत भांडवल साध्या ठरावानेही वाढवता येतं.

12 – बरोबर. कलम 2(71). तीन अटी म्हणजे हस्तांतरावर निर्बंध, 200 ची मर्यादा, आणि जनतेला रोखे घ्यायचं आवाहन करायला मनाई. तीनपैकी दोनच लिहिल्या तर एक गुण कमी.

13 – ठेकेदाराला करारावरून काही मिळणार नाही. घरबांधणी कडधान्याच्या धंद्याला पूरक आहे, असं ओढूनताणून सिद्ध करायचा प्रयत्न काही जण करतील. डाळीसाठी गोदाम बांधलं असतं तर मी ऐकलं असतं, उदगीरचे प्लॉट नाही. घटनापत्रक निबंधकाकडे कोणालाही बघता येतं, म्हणून ठेकेदाराने ते वाचलं आहे असंच कायदा धरतो.

संस्थेला मात्र कर्ज परत मिळेल. यंत्र उद्दिष्टांत बसतं. चुकलं ते घरातलं. 1856 च्या रॉयल ब्रिटिश बँक विरुद्ध टर्क्वांड खटल्यापासून नियम असा की नियमावलीप्रमाणे आतले सोपस्कार झाले आहेत, असं बाहेरच्याने धरून चालावं. साधा ठराव निबंधकाकडे दाखल होत नाही, त्यामुळे संस्थेला तो तपासायला जागाच नव्हती. संस्थेचा मालकच त्या कंपनीच्या संचालक मंडळावर असता आणि ठराव झाला नाही हे त्याला माहीत असतं, तर हे संरक्षण मिळालं नसतं. हा शेवटचा मुद्दा न विचारता लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी.

14 – (क) नकार टिकू शकतो, कारण निर्बंध नियमावलीत आहे आणि नियमावली सभासदांवर बंधनकारक आहे. पण कंपनीने 30 दिवसांत कारणांसह नकार कळवायला हवा. खरेदीदार नकाराची सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे अपील करू शकतो. 2 गुण. (ख) सार्वजनिक कंपनीचे शेअर मुक्तपणे हस्तांतर होतात, पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही. दोन भागधारकांनी आपसात तसा करार केला असेल तर तो करार म्हणून चालतो. 2 गुण. (ग) नाही. 1876 चा इलेचा खटला नेमका असाच होता. नियमावली कंपनी आणि सभासद यांच्यातला करार, वकील त्यात बाहेरचा. वेगळा करार केला असेल तर त्यावर दावा लावावा. 1 गुण; खटल्याचं नाव चुकलं तरी कारण बरोबर असेल तर तो देईन.