फोटोतली अव्वा

उंबऱ्यात बसलीये अव्वा,
मांडीवर सूप,
सुपात तेंदूपानं, कात्री, तंबाखूचा ढीग.
बोटं तेवढी धूसर,
थांबलीच नाहीत फोटोसाठी.
बाकी सगळं जागच्या जागी:
भिंतीवर सिद्धेश्वर,
दोरीवर सोलापुरी चादर, मोर विटलेला,
शेजारी नात, वहीवर ओणवी.

फोटोत आवाज नसतो म्हणे.
मला मात्र मागच्या गल्लीतला माग ऐकू येतोय,
खटक् खटक्
(की हे हॉलमधलं घड्याळ? फोटोवर कविता लिहायला बसून सात मिनिटं गेली.)

तिला हजार विड्या वळायच्यात,
मला चार ओळी जुळेनात.

नातीच्या वहीत नीट बघा,
समासात
तेंदूपानाचा एक तुकडा चिकटलाय
आणि तिनं त्याच्याखाली
पेन्सिलीनं
खोड काढलंय.